पुनर्विकासाचे तीन प्रस्ताव आणि एक परिपत्रक : सभासदांनी तुलना कशी करावी

मुंबईत सदनिका आणि गोव्यात घर अशी दोन ठिकाणी विभागलेली कुटुंबे आपल्याकडे नवीन नाहीत. नोकरीनिमित्त मुंबईला गेलेल्या पिढीने तेथे सहकारी गृहनिर्माण संस्थेत जागा घेतली, निवृत्तीनंतर ती गावी परतली आणि सदनिका मुलांकडे किंवा भाडेकरूकडे राहिली. आता त्या इमारती तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यामुळे संस्थेच्या चिटणीसांकडून एक जाड लिफाफा किंवा ईमेल येतो : पुनर्विकासासाठी अमुक विकासकांचे प्रस्ताव आले आहेत, तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे, विशेष सर्वसाधारण सभेला उपस्थित राहावे. दूर राहणाऱ्या सभासदाला निर्णयासाठी हाच कागद मुख्य आधार असतो. म्हणून तो कसा लिहिला जावा आणि कसा वाचावा, याची माहिती येथे देत आहोत.

महाराष्ट्रात या प्रक्रियेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७९ (अ) खाली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे. ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्णयाने ती प्रथम घालून दिली आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने त्यांत बदल केले. २००९ च्या तत्त्वांत तीन चतुर्थांश सभासदांची संमती अपेक्षित होती, ती २०१९ मध्ये एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आली. सभेची सूचना किमान १४ दिवस आधी द्यावयाची असते आणि गणपूर्ती दोन तृतीयांश सभासदांची असते. विकासक निवडीच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो व सभेचे चित्रीकरण होते. ही तत्त्वे बंधनकारक की केवळ दिशादर्शक, हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा ती दिशादर्शक मानली गेली. तरी शहाण्या संस्था ती पाळतातच, कारण पुढील वादांत पहिला प्रश्न प्रक्रियेविषयीच विचारला जातो. गोव्यातील संस्थांना मात्र गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ लागू असल्याने कलम ७९ (अ) त्यांच्यासाठी नाही. पण चटई क्षेत्राची जी व्याख्या पुढे येईल ती केंद्रीय कायद्यातील असल्यामुळे येथेही तितकीच उपयोगी आहे.

तुलनात्मक तक्ता प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार किंवा वास्तुविशारद तयार करतो, परिपत्रक व्यवस्थापक समिती काढते. येथेच पहिली अडचण उद्भवते. समितीतील मंडळींनी विकासकांशी महिनोन्‌महिने चर्चा केलेली असते आणि त्यांचे मत बनलेले असते. मत असण्यात गैर काही नाही. ते मत तक्त्यात शिरले की मात्र बिघाड होतो, आणि ते बहुधा विशेषणांच्या वाटेने शिरते. ‘विकासक अ यांनी भरघोस ४२ टक्के वाढीव क्षेत्र देऊ केले असून विकासक ब यांनी केवळ ३२ टक्के दिले आहे’ या वाक्यातील आकडे खरे असतील, पण ‘भरघोस’ आणि ‘केवळ’ या दोन शब्दांनी मतदान आधीच उरकले आहे. शिवाय हे दोन आकडे एकाच मापाचे आहेत की नाहीत, हे वाक्यात कोठेच नाही.

हे नेमके कसे घडते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. मुंबईच्या उपनगरातील २४ सदनिकांची एक संस्था आहे. तिच्यातील एका सदनिकेचे वास्तुविशारदाने प्रत्यक्ष मोजलेले चटई क्षेत्र ४५० चौरस फूट आहे आणि त्याशिवाय ३० चौरस फुटांची बाल्कनी आहे. संस्थेकडे तीन प्रस्ताव आले आहेत. ‘अ’ म्हणतो ४२ टक्के वाढीव चटई क्षेत्र, ‘ब’ म्हणतो ३२ टक्के, ‘क’ म्हणतो ३६ टक्के. पुढे आकड्यांची सोय म्हणून तिघांनीही ४५० हाच पाया धरला आहे असे मानू. प्रत्यक्षात तेही गृहीत धरता येत नाही. कोणी जुन्या करारनाम्यातील बांधीव क्षेत्र घेऊन त्याला १.२ ने भागतो, कोणी महापालिकेच्या मंजूर नकाशावरून घेतो, कोणी स्वतः मोजतो. परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात प्रत्येक सदनिकेचे मान्य मोजमाप आणि ते कोणी, केव्हा मोजले हे यायला हवे आणि सर्व विकासकांना तोच तक्ता देऊन त्यावर टक्केवारी मागायला हवी.

आता ‘चटई क्षेत्र’ या शब्दाकडे वळू. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात सदनिकेतील वापरण्याजोगी जागा आणि आतील विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. महाराष्ट्रातील १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याच्या, म्हणजे मोफाच्या, रीतीत मात्र करारनाम्यातील चटई क्षेत्र बाल्कनीसह सांगितले जाते आणि बाल्कनी वेगळी दाखवावी लागते. दोन्ही शब्द कायदेशीर आहेत आणि दोन्ही प्रचारात आहेत. प्रस्तावाच्या तळटिपेत ‘मोफा चटई’ असे दोन शब्द असले की विकासकाने काही लपवले असे म्हणता येत नाही. सभासदाने ती तळटीप वाचली नाही, इतकेच.

आपल्या उदाहरणात ‘अ’ च्या प्रस्तावात तसेच आहे. ४५० चे ४२ टक्के वाढवून ६३९ चौरस फूट होतात, पण त्यात ६० चौरस फूट बाल्कनी आणि डेक धरलेले आहे. म्हणजे रेराच्या मापाने खोल्यांचे क्षेत्र ५७९ चौरस फूट आणि वाढ २८.७ टक्के. ‘ब’ चे ३२ टक्के रेरा मापाचे आहेत : ५९४ चौरस फूट, शिवाय २५ फुटांची बाल्कनी वेगळी. ‘क’ चे ३६ टक्के म्हणजे ६१२ चौरस फूट, पण पुढे एक अट आहे : अधिमूल्य भरून मिळणारे क्षेत्र आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, अपेक्षेप्रमाणे मंजूर झाल्यास. मंजूर न झाल्यास वाढ २८ टक्के, म्हणजे ५७६ चौरस फूट.

४२, ३२, ३६ हा क्रम आता राहिला नाही. एका मापात मांडल्यावर ५७९ अधिक ६०, ५९४ अधिक २५, आणि ६१२ किंवा ५७६ असे आकडे समोर येतात. यांतील श्रेष्ठ कोणता हे परिपत्रकाने सांगू नये. ज्या कुटुंबाला चौथी खोली हवी आहे त्याला ‘ब’ भावेल, ज्यांना मोकळी हवा महत्त्वाची वाटते ते ‘अ’ च्या डेकला किंमत देतील. परिपत्रकाचे काम तिन्ही आकडे एकाच फूटपट्टीवर आणून ठेवण्याचे आहे. ‘क’ च्या अटीबाबत मात्र एक पाऊल पुढे जाणे न्याय्य ठरते. टीडीआर किती वापरता येईल हे बव्हंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि रस्त्याची रुंदी मोजता येते. सल्लागाराने व्यवहार्यता अहवालात काढलेला आकडा त्या अटीशेजारी छापला तर सभासदाला अटीचे वजन कळते. तो छापायचा तर तिन्ही प्रस्तावांशेजारी छापावा. ‘अ’ आणि ‘ब’ यांनी अट न घालता दिलेले क्षेत्र त्या अहवालात बसते का, हेही त्यामुळे दिसून येईल. भूखंडावर जितके क्षेत्र बांधता येते त्यापेक्षा अधिक कोणीही देऊ शकत नाही. अट नसलेला मोठा आकडा हा कधीकधी अट असलेल्या आकड्याहून अधिक जोखमीचा असतो.

क्षेत्रानंतर सभासद भाडे आणि कॉर्पसची रक्कम पाहतात. त्याआधी त्यांनी मुदत पाहावी, कारण भाड्याचा हिशेब तिच्यावर उभा आहे. ‘अ’ ३० महिन्यांत, ‘ब’ ३६ महिन्यांत आणि ‘क’ २४ महिन्यांत ताबा देणार आहे. प्रश्न असा, की हे महिने मोजायचे कोणत्या दिवसापासून? मुंबईत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र बहुधा टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंतचे, मग ते काम तपासले गेल्यावर पुढचे. ‘अ’ चे ३० महिने संपूर्ण प्रारंभ प्रमाणपत्रापासून सुरू होतात. ‘ब’ चे ३६ जोत्यापर्यंतच्या पहिल्या प्रमाणपत्रापासून. ‘क’ चे २४ इमारत रिकामी करून दिल्याच्या तारखेपासून, पण त्यावर सहा महिन्यांची सवलत विकासकाने राखून ठेवली आहे.

सभासदाच्या दृष्टीने खरे घड्याळ एकच : सामान टेम्पोत चढले तो दिवस. परिपत्रकात सर्व मुदती त्या दिवसापासून मोजाव्यात. घर रिकामे केल्यापासून पहिले प्रमाणपत्र मिळेपर्यंत तीन महिने आणि तेथून संपूर्ण प्रमाणपत्र मिळेपर्यंत सहा महिने असे गृहीत धरू. हे गृहीतक परिपत्रकात उघड लिहिलेले असावे आणि तिघांना सारखेच लावलेले असावे. मग ‘अ’ चे ३० महिने प्रत्यक्षात ३९ होतात, ‘ब’ चे ३६ महिनेही ३९ च होतात, आणि ‘क’ सवलत धरून ३० वर येतो. कागदावर सहा महिन्यांनी वेगळे दिसणारे ‘अ’ आणि ‘ब’ एकाच दिवशी किल्ली देतात. या एका ओळीसाठी संस्थेने सल्लागाराला मोबदला द्यावा, इतकी ती मोलाची आहे.

आता भाडे. ‘अ’ दरमहा ४०,००० रुपये देतो, वाढ नाही, आणि लेखी हमी ३० महिन्यांची आहे. पुढे ‘परस्पर संमतीने’ असे शब्द आहेत. ‘ब’ पहिल्या वर्षी ३८,००० देतो, दरवर्षी १० टक्के वाढ, आणि हे भाडे भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चालू राहते. ‘क’ ४५,००० देतो, २४ महिने. सवलतीच्या सहा महिन्यांत भाडे नाही. पहिल्या महिन्याचा धनादेश पाहिला तर क्रम क, अ, ब असा लागतो. ताबा मिळेपर्यंतच्या पूर्ण काळाचा हिशेब मांडला तर लेखी हमीचे भाडे ‘अ’ कडून १२ लाख, ‘ब’ कडून ३९ महिन्यांचे सुमारे १६ लाख ६१ हजार आणि ‘क’ कडून १० लाख ८० हजार होते. ‘अ’ च्या बाबतीत शेवटचे नऊ महिने आणि ‘क’ च्या बाबतीत शेवटचे सहा महिने भाड्याचा लेखी आधार नाही. ‘परस्पर संमतीने’ या शब्दांचा अर्थ कदाचित पूर्ण भाडे असेल, कदाचित काहीच नसेल. परिपत्रकाने अंदाज बांधू नये. त्या चौकटीत ‘लेखी हमी नाही’ एवढेच लिहावे आणि विकासकाला त्याबद्दल प्रश्न विचारावा.

कॉर्पस ‘अ’ कडून सदनिकेमागे १२ लाख, सर्व रक्कम ताब्याच्या वेळी. ‘ब’ कडून ९ लाख, निम्मी घर रिकामे करताना आणि निम्मी ताब्याच्या वेळी. ‘क’ कडून १० लाख, पाव भाग आरंभी आणि उरलेला ताब्याच्या वेळी. तीन वर्षांनी मिळणारे रुपये आणि आज मिळणारे रुपये एकाच रकान्यात मांडणे योग्य नाही. वर्षाला ७ टक्के दर धरून आजच्या किमतीत आणले तर ‘अ’ चे सुमारे ९ लाख ६३ हजार, ‘ब’ चे ८ लाख ११ हजार आणि ‘क’ चे ८ लाख ८३ हजार होतात. अ आणि ब यांच्यातील तीन लाखांचा फरक दीड लाखावर येतो. दर किती धरावा यावर मतभेद होतील, तो पाच धरला तर फरक वाढेल. म्हणून मूळ रक्कम आणि देय तारीख हीही शेजारी छापावी, म्हणजे ज्याला हवे त्याने आपला दर लावून पाहावा. काही संस्थांत भाडे, कॉर्पस आणि क्षेत्राची बाजारभावाने किंमत अशी सगळी बेरीज करून प्रत्येक प्रस्तावाला एक अंतिम आकडा देतात. ती बेरीज टाळावी असे आमचे मत आहे. तिच्यातील सर्वांत मोठा घटक, म्हणजे प्रति चौरस फूट भाव, कोणीतरी निवडलेला असतो आणि तो थोडा हलवला की पहिला क्रमांकही हलतो.

शेवटचा मोठा मुद्दा हमीचा. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी देणे अपेक्षित आहे. आपल्या उदाहरणात ‘अ’ पूर्ण २० टक्के देतो, पण बांधकामाच्या टप्प्यांनुसार ती कमी होत जाते. ‘ब’ १० टक्के बँक हमी देतो आणि उरलेल्या भागासाठी विक्रीच्या तीन सदनिका भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत न विकण्याचे लिहून देतो. ‘क’ स्वतःच्या कंपनीची हमी देतो. या तिन्हींना ‘हमी : आहे’ असे एकच उत्तर देणारा तक्ता अनेक संस्थांत फिरतो, आणि तो चुकीचा असतो. बँक हमीत विकासक अडला तरी बँक पैसे देते, हमीपत्र विनाअट असले तर. राखून ठेवलेल्या सदनिकांचे मूल्य त्या बांधून झाल्यावरच असते, काम दुसऱ्या मजल्यावर थांबले तर त्या सदनिका अस्तित्वातच नसतात. कंपनीने स्वतःच्या वचनाला दिलेली स्वतःची हमी ही त्या वचनाहून फारशी वेगळी नसते. हे वाक्य कठोर वाटले तरी तटस्थ आहे, कारण ते कोणाही विकासकाला सारखेच लागू पडते. परिपत्रकात प्रत्येक हमीपुढे चार गोष्टी असाव्यात : रक्कम, देणारा कोण, किती तारखेपर्यंत वैध, आणि कोणत्या घटनेनंतर संस्था ती वटवू शकते.

विकासकाच्या पूर्वकामगिरीबद्दल परिपत्रकात प्रशस्तिपत्रे नकोत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची मूळ आणि सुधारित पूर्णत्वाची तारीख सर्वांना पाहता येते. तिघांचे अलीकडचे प्रकल्प निवडायचा नियम आधी ठरवावा, समजा गेल्या पाच वर्षांत नोंदलेले सर्व, आणि त्या दोन तारखा छापाव्यात. निवडक प्रकल्प छापले की कामगिरी चांगली किंवा वाईट, हवी तशी दाखवता येते.

मुद्रांक शुल्काबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण जुन्या प्रस्तावांत ‘सभासदांच्या करारनाम्याचे पूर्ण शुल्क आम्ही भरू’ हे आमिष म्हणून येई. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विकास करारावर शुल्क भरलेले असताना सभासदाच्या मूळ हक्काच्या पर्यायी जागेच्या करारनाम्यावर पुन्हा पूर्ण शुल्क आकारता येत नाही. त्याहून जास्तीचे क्षेत्र विकत घेतले तर प्रश्न वेगळा. वस्तू व सेवा कर कोण भरणार, याला मात्र प्रत्येक प्रस्तावात स्पष्ट उत्तर हवेच.

आता हे परिपत्रक प्रत्यक्षात कसे लिहावे? प्रश्नावली एकच असावी, ती सर्व विकासकांना एकाच दिवशी जावी आणि उत्तराची तारीखही एकच असावी. त्या तारखेनंतर एकाने सुधारित प्रस्ताव पाठवला तर तो स्वीकारायचा की नाही हे आधीच ठरलेले असावे. स्वीकारायचा असेल तर बाकीच्यांनाही तितकीच मुदत द्यावी. सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘आणखी दोन टक्के’ हा या क्षेत्रातला जुना डाव आहे. प्रस्ताव मिळालेल्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून मांडावेत आणि तो क्रम सर्व पानांवर तसाच ठेवावा. रिकाम्या चौकटी भरून काढू नयेत. एखाद्या रकान्याचा मजकूर साधारण असा असू शकतो :

‘विकासक क. भाडे : दरमहा ४५,००० रुपये, घर रिकामे केल्यापासून २४ महिने (प्रस्ताव, पृष्ठ ७). २५ ते ३० महिन्यांसाठी : लेखी हमी नाही. संस्थेने याबाबत लेखी विचारणा केली. उत्तराची अंतिम तारीख उलटेपर्यंत उत्तर आलेले नाही.’

यात पृष्ठ क्रमांक आहे, विचारणा झाल्याची नोंद आहे, आणि टीका नाही. सभासदाला शंका आली तर तो मूळ प्रस्तावाचे सातवे पान मागू शकतो, आणि ते पाहण्याची वेळ व ठिकाण परिपत्रकात दिलेले असावे. गावी असलेल्या सभासदाला ती पाने ईमेलने मिळावीत.

समितीच्या सदस्यांपैकी कोणाचे कोणत्याही विकासकाशी नाते किंवा आर्थिक संबंध असल्यास तेही येथेच, ठळकपणे, जाहीर व्हावे. सल्लागाराचे शुल्क कोण देणार हेही. ते निवडून येणारा विकासक परत करणार असेल तर तसे लिहावे. गुणांकन पद्धत वापरायची असेल, म्हणजे क्षेत्राला ४० गुण, हमीला २० वगैरे, तर गुणांची वाटणी लिफाफे उघडण्यापूर्वी सभेने मंजूर केलेली असावी. नंतर ठरवलेले गुण ही गणिताच्या वेषातली शिफारस असते.

गोव्यात राहणाऱ्या सभासदांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्रातील संस्थांच्या सर्वसाधारण सभेत दुसऱ्याला प्रतिनिधी म्हणून पाठवता येत नाही, मुखत्यारपत्रावरही नाही. विकासक निवडीच्या सभेची तारीख कळताच गाडीचे आरक्षण करावे. दुसरे, आपला पत्ता आणि ईमेल संस्थेच्या नोंदवहीत अद्ययावत आहे का हे आजच पाहावे. सूचना नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवली जाते, आणि बंद सदनिकेच्या दाराखालून सरकवलेला लिफाफा गणेशचतुर्थीपर्यंत तेथेच पडून राहतो.